जुन्या पावसाच्या मापाने नवी वाहिनी आखू नका: पर्जन्यजल वाहिन्यांचे आराखडे करणाऱ्या अभियंत्यांना खुले पत्र

सर्व अभियंता बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार,

रस्त्याखालची पावसाच्या पाण्याची वाहिनी किती व्यासाची असावी, मोरीला किती गाळे ठेवावेत, पंपघरात किती ताकदीचे पंप बसवावेत, हे आपण ठरवता. ते ठरवताना आपल्यासमोर एक आलेख असतो. किती मिनिटांच्या पावसाला किती तीव्रता धरायची आणि तेवढी तीव्रता किती वर्षांतून एकदा गाठली जाते, हे सांगणारा आयडीएफ वक्र. तो वक्र ज्या नोंदींवरून काढतात त्या तपासण्याचे आणि नीट लावण्याचे काम मी करतो. म्हणून हे पत्र मंत्र्यांना किंवा आयुक्तांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे. सभागृहात काहीही ठराव झाले तरी वाहिनीचा व्यास शेवटी आपल्याच टेबलावर ठरतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की तो वक्र ज्या हवेतल्या पावसावरून काढला, ती हवा आता तशी राहिलेली नाही. आज आखलेली वाहिनी पुढची पन्नास-साठ वर्षे जमिनीखाली राहील आणि त्या काळातली हवा आजच्याहूनही उष्ण असेल. हवा तापली की मोठी सर आणखी मोठी का होते आणि किती होते, याचा हिशेब मी इथे मांडतो. तो पटला तर आकड्यात काय बदल करायचा, तेही शेवटी सांगतो.

सुरुवात पाण्याच्या पृष्ठभागापासून करू. तिथून पाण्याचे रेणू सतत सुटून हवेत जात असतात आणि हवेतल्या बाष्पाचे रेणू सतत पाण्यात परत येत असतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की हवा संपृक्त झाली असे आपण म्हणतो. तापमान वाढले की शेजारच्या रेणूंची ओढ तोडून सुटू शकणाऱ्या रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. मग परत येणाऱ्यांनी त्यांची बरोबरी करायची तर हवेत आधीपेक्षा बरेच जास्त बाष्प असावे लागते. हे नाते क्लापेरॉन यांनी १८३४ मध्ये मांडले आणि पुढे क्लॉसियस यांनी ते उष्मागतिकीच्या पक्क्या पायावर आणले. म्हणजे यात हवामानबदलाच्या चर्चेतून आलेले नवे काहीच नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळापासून ठाऊक असलेले आणि प्रयोगशाळेत हवे तेव्हा मोजता येणारे हे भौतिकशास्त्र आहे.

आता आकडे पाहा. संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये १० अंश सेल्सियसला सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प असते, २० अंशांना १७.३ ग्रॅम आणि ३० अंशांना ३०.४ ग्रॅम. वाढ सरळ रेषेत होत नाही, चक्रवाढीने होते. २५ अंशांना २३ ग्रॅम, तर २६ अंशांना २४.४ ग्रॅम, एका अंशात साधारण सहा टक्के. थंड हवेत हे प्रमाण थोडे जास्त भरते. वातावरणाचा एकत्र विचार केला तर दर अंशाला सुमारे सात टक्के, असा आकडा सगळीकडे वापरला जातो आणि तो योग्य आहे.

यावर आपल्यातला चौकस माणूस लगेच विचारेल की हवेत जागा वाढली म्हणून तेवढे बाष्प प्रत्यक्ष येतेच कशावरून? प्रश्न रास्त आहे. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राचा आहे आणि तिथे बाष्पाला पाण्याची ददात नाही. त्यामुळे समुद्रावर सापेक्ष आर्द्रता जवळपास होती तिथेच राहते आणि प्रत्यक्षातले बाष्प तापमानाबरोबर वाढते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह समुद्रावरचे बाष्प मोजत आहेत आणि त्यात ही वाढ दिसते. जमिनीवर चित्र इतके सरळ नाही, त्याकडे मी पुढे येतो.

आता जिथे बहुतेकांची गल्लत होते तो भाग. बाष्प सात टक्क्यांनी वाढले, तर वर्षभराचा पाऊसही सात टक्क्यांनी वाढायला हवा, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे होत नाही. जगभराचा सरासरी पाऊस दर अंशाला फक्त दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो, कारण त्याला लगाम बाष्पाचा नसून ऊर्जेचा आहे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल लागतात आणि त्या वाफेचे ढगात पुन्हा पाणी झाले की तेवढीच उष्णता वातावरणात सुटते. ही उष्णता अवकाशात फेकून देण्याची वातावरणाची क्षमता तापमानाबरोबर सावकाश वाढते. जेवढी उष्णता बाहेर जाऊ शकते तेवढाच पाऊस वर्षभरात पडू शकतो.

एक टाकी डोळ्यासमोर आणा. तिचे आकारमान सात टक्क्यांनी वाढले आहे, पण ती भरणाऱ्या नळाची धार जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी वाढली आहे. टाकी भरायला आता जास्त वेळ लागेल, आणि रिकामी होईल तेव्हा एका दमात जास्त पाणी येईल. वातावरणाचे असेच झाले आहे. दोन मोठ्या सरींमधला कोरडा काळ लांबतो, रिमझिम कमी होते आणि जी सर येते ती भरून येते. म्हणूनच वार्षिक सरासरी पाऊस पाहून ‘आमच्याकडे तर काही बदलले नाही’ असे म्हणणे वाहिनीच्या कामाचे नाही. वाहिनीला वर्षाची बेरीज कळत नाही, तिला तासाभरात अंगावर आलेले पाणी झेलायचे असते.

मोठ्या सरीला ऊर्जेचा तो लगाम का लागत नाही? कारण ती छोट्या जागेत आणि थोड्या वेळात घडते, आणि तिचे पाणी तिचे एकटीचे नसते. सरासरी पाहिले तर डोक्यावरच्या संपूर्ण हवेतले बाष्प एकदम खाली आले तरी जमिनीवर साधारण २५ मिलिमीटर पाणी साचेल. तरीही काही तासांत शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो, तो आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यातली दमट हवा खेचून आणून. ती हवा ढगाच्या तळाशी एकवटते, वर चढते, थंड होते आणि बाष्प टाकते. म्हणजे सरीचा जोर मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: हवा किती वेगाने वर चढते आणि चढताना किती बाष्प घेऊन येते.

हेच गणिताने करून पाहू. ढगाच्या तळाचा एक चौरस मीटर घ्या. तिथून २५ अंशांची संपृक्त हवा सेकंदाला एक मीटर वेगाने वर चढते आहे. म्हणजे दर सेकंदाला एक घनमीटर हवा आणि तिच्याबरोबर २३ ग्रॅम बाष्प आत जाते. तासात ३६०० सेकंद, म्हणून ८२.८ किलो पाणी. चौरस मीटरवर एक किलो पाणी म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा तासाला ८२.८ मिलिमीटर पावसाचा कच्चा माल झाला. सगळाच खाली येत नाही. काही वाऱ्याबरोबर वरच्या थरात पसरतो, काही वाटेत पुन्हा वाफ होतो. आता फक्त हवा २६ अंशांची करा, बाकी काहीही बदलू नका. तोच हिशेब तासाला ८७.८ मिलिमीटरवर जातो. वारा तोच आणि ढगही तोच असताना पाच मिलिमीटर जास्त. वैज्ञानिक दर अंशाला सात टक्के म्हणतात, ते या गणिताचेच सर्वसाधारण रूप आहे.

हे फक्त कागदावर नाही. सेथ वेस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जगभरातल्या ८३२६ केंद्रांच्या नोंदी एकत्र तपासल्या. प्रत्येक वर्षातला सर्वांत मोठा एका दिवसाचा पाऊस त्यांनी घेतला. जवळपास दोन तृतीयांश केंद्रांवर तो वाढता निघाला, आणि जागतिक तापमानाच्या दर अंशामागे वाढ ५.९ ते ७.७ टक्के आली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या सूत्रातला आकडा पर्जन्यमापकांतून असा बाहेर यावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मात्र आपण वाहिनी आखता ती दिवसाच्या पावसावर नाही, वीस मिनिटांच्या किंवा तासाच्या पावसावर. तिथे सात टक्केही कमी पडतात. नेदरलँड्समधल्या दे बिल्ट केंद्राच्या जुन्या तासवार नोंदींवर लेंडरिंक आणि फान मेयगार्ड यांनी २००८ मध्ये दाखवले की दिवसाचे सरासरी तापमान १२ अंशांच्या वर गेले की सर्वांत जोरदार तासांचा पाऊस दर अंशाला सुमारे १४ टक्क्यांनी, म्हणजे दुप्पट दराने वाढतो. वर दिलेल्या गणितात आपण हवेचा चढण्याचा वेग स्थिर धरला होता. खरा ढग तो स्थिर ठेवत नाही. जास्त बाष्पाचे पाणी झाले की जास्त उष्णता सुटते, त्या उष्णतेने हवा आणखी जोरात वर चढते आणि बाजूची आणखी दमट हवा आत ओढते. थोड्या वेळाच्या, गडगडाटी सरींमध्ये हा परिणाम ठळक असतो. दिवसभर चालणाऱ्या पावसात तो बराचसा विरून जातो.

आता मर्यादा. वाढ सगळीकडे एकसारखी असेल असे मी म्हणणार नाही. वाऱ्यांच्या वाटा बदलल्या तर काही प्रदेशांत मोठ्या सरी कमीही होऊ शकतात. जमिनीवर कोरड्या मातीतून हवे तेवढे बाष्पीभवन होत नाही, त्यामुळे तिथली हवा तापली तरी बाष्प त्या प्रमाणात वाढेलच असे नाही. आपल्यापैकी कोणी आपल्या गावच्या नोंदी घेऊन तापमान आणि तासाचा पाऊस असा आलेख काढला, तर एका मर्यादेपुढे तो वर जाण्याऐवजी खाली येताना दिसेल. त्यावरून ‘उष्णतेने पाऊस वाढतो हे खोटे’ असा निष्कर्ष काढू नका. अतिशय उष्ण दिवस बहुधा कोरडे दिवस असतात. तिथे कमी पडते ते बाष्प. त्याच आलेखात हवेच्या तापमानाऐवजी दवबिंदूचे तापमान घाला, म्हणजे हवेत प्रत्यक्ष किती बाष्प आहे ते मोजले जाते. बहुतेक ठिकाणी तो उतार नाहीसा होतो किंवा बराच कमी होतो.

याहून मोठा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: ‘आमच्या केंद्राच्या चाळीस वर्षांच्या नोंदीत काहीच कल दिसत नाही, मग आकडा कशाला वाढवायचा?’ एका केंद्रावर तो दिसणारच नाही. वर्षातली सर्वांत मोठी सर एका वर्षी ४० मिलिमीटरची तर दुसऱ्या वर्षी ९० ची असू शकते. हा चढउतार सरासरीच्या ३५ टक्के धरा. मग तीस वर्षांच्या सरासरीतच सहा टक्क्यांच्या आसपास अनिश्चितता राहते. आपण शोधतो आहोत तो बदलही तेवढाच. एका पर्जन्यमापकात कल न दिसणे म्हणजे बदल नसणे नव्हे. तो मापक एकटा तेवढे सांगू शकत नाही, इतकेच. म्हणूनच वेस्ट्रांना हजारो केंद्रे एकत्र घ्यावी लागली.

त्यात मापकांची स्वतःचीही एक खोड आहे. जुन्या स्वयंलेखी पर्जन्यमापकात फिरत्या कागदावर पेन वर चढत जाते आणि १० मिलिमीटर पाणी भरले की सायफन सुरू होऊन भांडे रिकामे होते, पेन झटकन शून्यावर उतरते. रिमझिमीच्या दिवशी कागदावर एक आळसावलेली तिरकी रेघ असते. मोठ्या सरीच्या दिवशी रेघा उभ्या आणि इतक्या जवळजवळ असतात की शाई एकमेकींत मिसळते, आणि भिंगाखाली एकेक मोजावी लागते. सायफन चालू असतानाच्या काही सेकंदांत पडलेला पाऊस मात्र त्या कागदावर कुठेच येत नाही. नव्या, टिपिंग बकेटच्या मापकातही बादली उलटताना पाणी निसटते. सर जितकी जोरदार, तितकी तूट जास्त. शेजारच्या साध्या मापकात साठलेल्या पाण्याशी दिवसाची बेरीज ताडून पाहिली की ही तूट लक्षात येते, आणि जिथे ती ताडलेली नाही तिथला वक्र मुळातच थोडा खाली असतो. आराखड्यासाठी नोंदी मागवाल तेव्हा ही दुरुस्ती केली आहे का, एवढे जरूर विचारा.

आता वाहिनी. दहा हेक्टर पाणलोट, ०.८ हा अपधाव गुणांक आणि जुन्या वक्रावरून तासाला ६० मिलिमीटर तीव्रता घ्या. नेहमीचे Q = C·i·A लावले की सेकंदाला १.३३ घनमीटर प्रवाह येतो. १८५ ला १ च्या आसपास उतार असेल तर मॅनिंगच्या सूत्राने ९०० मिलिमीटर व्यासाची काँक्रीटची वाहिनी भरून वाहताना तेवढे पाणी नेते. आराखडा इथे संपतो, आणि जुन्या हवेसाठी तो बरोबरच होता.

आता ऑस्ट्रेलियाच्या अभियंत्यांनी काय केले ते पाहा. त्यांची पूर-अंदाजाची राष्ट्रीय मार्गदर्शिका २०२४ मध्ये सुधारली गेली. तिच्यात १९६१ ते १९९० हा पायाभूत काळ धरून जागतिक तापमानाच्या दर अंशाला २४ तासांच्या किंवा त्याहून लांब पावसाची तीव्रता आठ टक्क्यांनी आणि एक तासाच्या किंवा त्याहून लहान पावसाची पंधरा टक्क्यांनी वाढवायला सांगितले आहे. त्या पायाभूत काळानंतर २०११-२०२० च्या दशकापर्यंतच जग सुमारे पाऊण अंशाने तापले होते. आपली वाहिनी तिच्या आयुष्यात एकूण दोन अंशांची वाढ पाहील असे धरू. पंधरा टक्के दोनदा, चक्रवाढीने, म्हणजे ३२ टक्के. ६० ची तीव्रता सुमारे ७९ होते आणि प्रवाह १.७६ घनमीटर.

पाणी ३२ टक्क्यांनी वाढले, मग वाहिनी किती वाढवायची? गोल वाहिनीची वहनक्षमता व्यासाच्या ८/३ घाताने वाढते. व्यास एक नववा भाग वाढवला की काम झाले. ९०० च्या जागी १००० मिलिमीटर. त्याच उतारावर हजाराची वाहिनी १.७७ घनमीटर नेते. चर तोच खणायचा आहे, रस्ता एकदाच फोडायचा आहे, मजूरही तेच. फरक पडतो तो पाइपाच्या एका मापाचा आणि थोड्या जास्त खोदाईचा. हेच काम वीस वर्षांनी करायचे ठरले तर सगळा रस्ता पुन्हा उखडावा लागेल, आणि त्या वेळेपर्यंत मधल्या काळात त्याच्या खाली केबल, पाण्याच्या लाइनी असे काय काय येऊन बसलेले असेल ते आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता.

काही न बदलता जुनीच वाहिनी घातली तर काय होईल, तेही सांगतो. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार १८५०-१९०० च्या काळात दहा वर्षांतून एकदा येणारा एका दिवसाचा मोठा पाऊस, जग दोन अंशांनी तापल्यावर १.७ पट वेळा येईल. म्हणजे साधारण सहा वर्षांतून एकदा. तीव्रतेत १४ टक्के वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण उंबरठा ओलांडण्याच्या वेळा तिच्याहून कितीतरी वेगाने वाढतात. मॅनहोलचे झाकण उचलले जाते ते या उंबरठ्यावर.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी आहे. आराखड्यात तीव्रतेचा आकडा घालताना तो कोणत्या वर्षांच्या नोंदींवरून आला आहे, ते त्याच ओळीत लिहा. त्या कालखंडाच्या मध्यापासून वाहिनीच्या आयुष्याच्या मध्यापर्यंत किती अंश तापमानवाढ धरली, ते पुढे लिहा. मग पावसाच्या कालावधीनुसार दर अंशाला आठ ते पंधरा टक्क्यांचा गुणक लावा. आपल्या प्रदेशासाठी याहून चांगला, अनेक केंद्रांवरून काढलेला आकडा उपलब्ध असेल तर तोच वापरा. मार्गदर्शिकेत अशी तरतूद नसेल तर दोन्ही हिशेब जोडा, जुना आणि सुधारित, आणि दोन्हींतला खर्चाचा फरक मंजुरी देणाऱ्यासमोर ठेवा. नाही म्हणायचे असेल तर त्यांनी तो आकडा पाहून म्हणावे.

नोंदी लागल्या, वक्र तपासून हवा असला, कुठल्या केंद्राची सायफनची दुरुस्ती झाली आहे हे विचारायचे असले, तर आमच्याकडे मागा. कागदाच्या जुन्या गुंडाळ्यांसकट आम्ही ते काढून देऊ.

आपला स्नेहांकित,
पावसाच्या नोंदी सांभाळणारा एक सहकारी